त्रास झाला असल्यास...

"आजी, जरा बघ गं, एवढं पाठवू का आप्पांना?" असं म्हणून नातवानं मोबाईल माझ्या हातात दिला. सकाळचे आठ वाजले होते. माझा चहा व्हायचा होता. चष्मा शोधून वाचलं ते असं होतं:

"नमस्कार काका. काल रात्री आमच्या घरी आयोजित केलेल्या छोटेखानी कार्यक्रमामुळे आपणास काही गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत. मुलांचा उत्साह आपण समजून घ्याल ही अपेक्षा. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद." आणि पुढे हात जोडलेली तीन चित्रं.

शुद्धलेखनाची एकही चूक नाही. शाळेत असते तर दहापैकी आठ गुण दिले असते. आणि मंडळी, तेच माझं दुखणं आहे. चौतीस वर्षं मी पोरांना मराठी शिकवलं, पत्रलेखन शिकवलं, आणि हेच शिकवलं. हे असलं मराठी या पोराला आकाशातून पडून आलेलं नाही, आमच्याच फळ्यावरून आलंय. म्हणून आज थोडं भांडायचं आहे. नातवाशी नाही, या मजकुराशी.

आधी काय घडलं ते सांगते. नातवाला पुण्यात नोकरी लागली. त्याचे सात-आठ मित्र हुरड्याला आले. आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या लोकांना आमच्या काळ्या रानाचा फारच पुळका आलाय (येऊ दे बापडे). दिवसभर रानात हुरडा खाऊन झाला, संध्याकाळी मंडळी घरी आली आणि गच्चीवर स्पीकर लागला. तो बंद झाला पावणेबाराला.

आमची आणि शेजारच्या आप्पांची भिंत सामाईक आहे. त्या भिंतीला लागून त्यांची आतली खोली, आणि त्या खोलीत सध्या बाळंतपणाला आलेली त्यांची लेक. बाळ २३ दिवसांचं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. बारशाची पोळी आमच्या घरात खाऊन झाली होती.

नातू म्हणतो, "आजी, आवाज कमी केला होता गं दहानंतर." केला असेलही. पण थंडीतल्या रात्री जमिनीजवळची हवा गार असते आणि वरची त्यामानानं उबदार, म्हणून आवाज वर निघून न जाता वाकून पुन्हा खाली येतो. उन्हाळ्यात जी गाणी गल्लीच्या टोकाला विरतात, ती पौषात पार चौकापर्यंत ऐकू येतात. शिवाय स्पीकर ठेवला होता गच्चीच्या कठड्यावर. गाण्याचे शब्द कमी होतात, पण ती खालची धडधड कठड्यातून भिंतीत आणि भिंतीतून खाटेपर्यंत जाते. गच्चीवर उभं राहून "आता कमी आहे" हे कळतच नाही. ते भिंतीच्या पलीकडे कान लावून पाहावं लागतं.

तर आता त्या मजकुराकडे येऊ.

"गैरसोय झाली असल्यास." या एका "असल्यास"नं सगळा घोळ घातलाय. आपण व्याकरणात चार अर्थ शिकतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. साधं विधान केलं की स्वार्थ. "पाऊस पडला असता तर पीक आलं असतं" हा संकेतार्थ. एक गोष्ट दुसरीवर टांगायची. "झाली असल्यास" यात तीच टांगणी आहे. म्हणजे माझं दिलगीर असणं तुमच्या गैरसोयीवर अवलंबून. झाली असेल तर मी दिलगीर, नसेल तर नाही. आणि ती झाली हे सिद्ध कोणी करायचं? आप्पांनी! त्यांनी आता उलट कळवायचं, की होय बाबा, झाली. रात्रभर बाळ घेऊन येरझाऱ्या घालणाऱ्या माणसाकडे आपण पुरावा मागतोय.

"मग 'त्रास झाला असेल' लिहू का?" नातवानं विचारलं. पोरगा हुशार आहे. मी म्हटलं, त्याचा काळ सांग. म्हणाला, भूतकाळ. चूक! "झाला असेल" हे रूप पूर्ण भविष्यकाळाचं. आपण ते अंदाजासाठी वापरतो हे खरं, "गाडी आता सोलापुरात पोचली असेल" असं. पण काल रात्री जे घडून गेलं ते भविष्यकाळाच्या रूपात लिहायचं म्हणजे कमालच झाली.

इथं एक सवलत मात्र मी देते, कारण नियम आंधळेपणानं लावणारी मास्तरीण मी कधीच नव्हते (माझे विद्यार्थी हे वाचत असतील तर कृपया गप्प बसावं). आपण जे केलं त्याबद्दल "असेल" चालत नाही, कारण ते आपल्याला ठाऊक असतं. पण दुसऱ्याच्या घराच्या आत काय झालं ते आपल्याला खरंच ठाऊक नसतं. तिथं "असेल" हा नम्रपणा आहे. "आम्ही गाणी वाजवली, बाळाची झोप मोडली असेल" यात पहिलं क्रियापद सरळ आणि दुसरं अंदाजाचं, दोन्ही बरोबर. उलटं केलं की बिघडतं. आमच्या बाबतीत तर तीही सोय नव्हती. बाळाचं रडणं भिंतीतून मला ऐकू आलं होतं. त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे, ते टाळून चालायचं नाही.

आता शब्द. "दिलगीर" हा फारसी शब्द. दिल म्हणजे मन, आणि ते धरलं गेलेलं, म्हणजे खिन्न, दुःखी. "आम्ही दिलगीर आहोत" म्हणजे आम्हाला वाईट वाटतंय. वाटू दे की! शेजारच्या गल्लीत कोणाची म्हैस मेली तरी मला वाईट वाटतं. त्यात मी काही केलं असा अर्थ येतच नाही. म्हणून तर तो कचेऱ्यांचा लाडका शब्द.

नातवानं तो खोडून "क्षमस्व" लिहिलं. रस्त्याच्या कामाच्या पाटीवरचा शब्द. "होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व." आता ती पाटी आपल्या जागी ठीकच आहे, कारण रस्ता खणलेला आहे आणि गैरसोय अजून व्हायची आहे. "होणाऱ्या" बरोबर. पण कालच्या रात्रीला ती पाटी कशी लावणार? आणि "क्षमस्व" म्हणजे काय हे किती जणांना ठाऊक आहे? ते संस्कृत आज्ञार्थाचं रूप, मध्यमपुरुष, एकवचन. "तू क्षमा कर." एकवचन! ज्यांना जन्मात कधी अरे-तुरे केलं नाही त्या आप्पांना, संस्कृतातून का होईना, "तू" म्हणायचं आणि वर हुकूम सोडायचा. अर्थात वापरून वापरून त्या शब्दाची धार गेलीय, कोणी त्यात "तू" ऐकत नाही. मी उगाच पांडित्य करत नाहीये. मला एवढंच म्हणायचंय की ज्याचा अर्थ पाठवणाऱ्याला माहीत नाही आणि घेणाऱ्यालाही माहीत नाही, असा शब्द माफीत नको.

याहून मोठी गोष्ट कर्त्याची. मजकुरात काय लिहिलंय पाहा. "आयोजित केलेल्या कार्यक्रमामुळे गैरसोय झाली." कोणी आयोजित केला? कोणी गैरसोय केली? कोणीच नाही. कार्यक्रमानं केली. मराठीत अशा क्रियापदांच्या जोड्या आहेत: फोडणे-फुटणे, पाडणे-पडणे, वाढवणे-वाढणे, लावणे-लागणे. वर्गात मी विचारायचे, बशी कशी फुटली? पोरं म्हणायची, "बाई, फुटली." मग मी म्हणायचे, आता "मी"नं सुरुवात करून सांग. "मी बशी... फोडली." एवढं म्हणताना पोराचा चेहरा बदलायचा. हा कर्मणी प्रयोग हे त्याला नंतर कळायचं, पण कान आधी लाल व्हायचे. "गाणी लागली होती", "आवाज वाढला", "उशीर झाला" ही सगळी फुटलेल्या बशीची भावंडं. "आम्ही गाणी लावली" म्हटलं की माणूस सापडतो.

त्यातही काळ बघा. "लावली होती" आणि "लावली". व्याकरणदृष्ट्या दोन्ही भूतकाळ, पण "लावली होती" म्हटलं की ऐकणारा पुढच्या "पण"ची वाट बघतो. "गाणी लावली होती, पण दहानंतर कमी केली होती." पूर्ण भूतकाळ आपल्याकडे गोष्टीची पार्श्वभूमी सांगायला वापरतात, मुख्य घटना सांगायला साधा भूतकाळ. माफीत आपली चूक ही पार्श्वभूमी नाही, तीच घटना आहे. म्हणून "वाजवली". आणि किती वेळ ते आकड्यात, "उशिरापर्यंत" नाही. "पावणेबारापर्यंत वाजवली." आप्पांनी घड्याळ पाहिलंच होतं. आपणही पाहिलं होतं हे त्यांना कळू दे.

"आजी, मग 'मी माफी मागू इच्छितो' असं?" नको रे बाबा. इच्छितोस तर माग! हे इंग्रजीतून आलेलं भाषणातलं मराठी. "मला माफी मागायची होती" तर त्याहून वाईट. होती म्हणजे? आता राहिली नाही? माफी मागणं ही अशी क्रिया आहे की ती बोलण्यातच पुरी होते. "मी माफी मागतो" म्हटलं की मागून झाली. तिला साधा वर्तमानकाळच लागतो.

पण खरं सांगू, आपल्या भाषेत याहून चांगलं वाक्य आहे आणि ते आपण विसरत चाललोय. "आमचं चुकलं." दोन शब्द. कोणी व्याकरणवाला म्हणेल, बाई, तुम्ही कर्ता कर्ता म्हणत होता, इथं कर्ता कुठंय? इथं "आमचं" आहे ना. चूक कुणाच्या मालकीची ते सांगितलं. त्यात "जर" नाही, "मुळे" नाही, फारसी नाही, संस्कृत नाही. माझी आई म्हणायची, चुलत्यांपुढे उभी राहून आजोबाही म्हणायचे. "चुकलं" हा साधा भूतकाळ, झालं ते झालं. "चुकलंच असेल तर" म्हणणारी माणसं मी पाहिलीत, त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

"आपणास" आणि "काका" हे तर मी पहिल्या फटक्यात खोडलं. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून तू यात्रा पाहिलीस त्याला "आपणास"? आमच्याकडे इतका आदर परक्याला देतात, किंवा भांडण झालेल्याला. जन्मभर "आप्पा, तुम्ही" म्हटलंय तर आजही तेच. "समजून घ्याल ही अपेक्षा" हेही गेलं. रात्रभर जागलेल्या माणसाकडून वर अपेक्षा! आणि "सहकार्याबद्दल धन्यवाद"? त्यांनी सहकार्य केलं नाही हो, सोसलं.

शेवटी राहिलं पुढचं. "पुन्हा असं होणार नाही." परत तेच, "होणार". आपोआप होणारी गोष्ट. शिवाय हे खोटं आहे, कारण माघात नातीचं लग्न आहे आणि हळदीला गाणी लागणार हे मला आत्ताच माहीत आहे. जे पाळता येणार नाही ते लिहू नये. जे करता येईल तेवढं लिहावं, करणाऱ्याच्या तोंडून: "यापुढे रात्री दहाला बंद करू." दहा हा आकडाही माझ्या मनचा नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्रच धरली आहे, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. पण माफीत कायद्याचा उल्लेख नको. नाहीतर दहाच्या आधी कितीही धडधड केली तरी आम्ही मोकळे, असा त्याचा अर्थ निघतो.

माझे एक भाऊ हे वाचून नक्की म्हणतील, की हे कसलं मोबाईलवर माफी मागणं, दोन पावलांवर घर आहे, जाऊन सांगावं. दादा, तुझं म्हणणं मला पटत नाही. एक तर रात्री दोनला झोपलेल्या घराची कडी सकाळी आठला वाजवायची, म्हणजे पुन्हा झोपमोड. आणि दुसरं, आप्पांच्या दारात जाऊन उभं राहिलं की ते काय म्हणणार ते मला पाठ आहे. "आवो बाई, चालतंय की! पोरंच हायती." मंगळवेढ्यात दारात आलेल्या माणसाला कोणी दुसरं काही म्हणतच नाही. म्हणजे आपण समोर जाऊन त्यांच्याकडून माफी वसूलच करतो. चिठ्ठी असली की त्यांना रागवायची मोकळीक राहते. वाचावं, बाजूला ठेवावं, वाटलं तर उत्तर द्यावं. नंतर जायचंच आहे, ते संध्याकाळी. पण आधी चिठ्ठी, नंतर पाय.

तर असा तो मजकूर तयार झाला:

"आप्पा, काल रात्री मी आणि माझ्या मित्रांनी गच्चीवर पावणेबारापर्यंत मोठ्यानं गाणी वाजवली. घरात तान्हं बाळ आहे हे माहीत असून वाजवली. आमचं चुकलं. यापुढे दहाला बंद करू. माघात लग्नाची हळद आहे, त्या दिवशीची वेळ तुम्हाला विचारून ठरवू."

मी खूष. लाल पेन खाली ठेवला (खरा पेन नव्हता, पण सवय). नातवानं एकदा वाचलं आणि सहज म्हणाला, "आजी, तू पण घरातच होतीस की."

काय सांगू तुम्हाला. तासभर मी त्याला कर्ता शोधायला लावत होते, आणि एक कर्ता मीच लपवून बसले होते. मी खालच्या खोलीत जागी होते. साडेदहाला बाळ रडलेलं ऐकलं. पुन्हा सव्वाअकराला ऐकलं. उठून जिना चढायचा विचार आला आणि वाटलं, जाऊ दे, पोराची नोकरीची पार्टी, मित्रांसमोर कशाला बोला. कूस बदलली. सकाळी मात्र मी "आवाज फार झाला हं काल" म्हणाले होते सूनबाईला. झाला! बघा, फुटली बशी.

नातवाच्या मजकुरात माझं नाव घालावं असं आधी वाटलं. पण मग ते "आम्ही सर्वजण" होऊन जातं, आणि सर्वजण म्हणजे पुन्हा कोणीच नाही. म्हणून त्याचा त्यानं पाठवला आणि माझा मी, माझ्या मोबाईलवरून. टाईप करायला मला वेळ लागतो, तो लागला.

"आप्पा, मी खाली जागीच होते. बाळ रडलेलं दोनदा ऐकलं. उठून बंद करायला सांगितलं नाही. माझं चुकलं."

साडेनऊला पाठवलं. दोन निळ्या खुणा अकराच्या सुमारास आल्या. उत्तर नाही. दुपारी नातू तीनदा येऊन विचारून गेला. मी म्हटलं, राहू दे. माफी मागितली म्हणजे पावती मिळालीच पाहिजे असं थोडंच आहे.

चारच्या पुढे आप्पांचं उत्तर आलं, दोघांनाही सारखंच:

"पोरगी लई रडली राती. बाळ दोनला झोपलं. आता दहा म्हंजे दहा. हळदीचं बोलू."

नातू जरा हिरमुसला. त्याला "काही हरकत नाही" असं काहीतरी यायला हवं होतं. "आता याला काय उत्तर देऊ?" म्हणाला.

म्हटलं, काही देऊ नकोस. स्पीकर गच्चीवरून खाली आण आधी, अजून कठड्यावरच आहे.